एसपीएमधून रिस्क समरी कशी काढावी: वॉरंटीपासून हातात येणाऱ्या रुपयापर्यंत

शेअर परचेस अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे आपल्या बोलीतला एसपीए, नव्या असोसिएटच्या टेबलावर येतो तो साधारण सव्वाशे पानांचा. सोबत सिनिअरची एक ओळ असते: "क्लायंटसाठी रेप्स, वॉरंटी आणि कॅपची समरी करून दे." रेप्स आणि वॉरंटी म्हणजे विक्रेत्याने कंपनीबद्दल केलेली विधानं आणि दिलेली हमी, आणि कॅप म्हणजे ती खोटी ठरल्यास त्याने द्यायच्या रकमेची कमाल मर्यादा. मग बहुतेक जण पहिल्या वॉरंटीपासून सुरुवात करतात, प्रत्येक कलम आपल्या शब्दांत लिहीत जातात आणि शेवटी लिहितात, "बिझनेस वॉरंटीसाठी कॅप २०%." असा तक्ता दिसायला भरगच्च असतो, पण खरेदीदाराच्या कामाचा नसतो. खरेदीदाराचा प्रश्न सरळ असतो. उद्या कंपनीत काही सडकं निघालं, तर माझ्या खिशात नेमके किती पैसे परत येतील, कोणाकडून आणि कधीपर्यंत?

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर करारातून कसं काढायचं, त्याबद्दल आहे. नुसत्या व्याख्यांवरून हे समजत नाही, म्हणून एक कल्पित व्यवहार घेऊ आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत करू.

चाकणची एक ऑटो पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. सगळे शेअर १२० कोटींना विकले जात आहेत. विक्रेते तिघे: थोरल्या भावाकडे ५०%, धाकट्याकडे २०% आणि एका प्रायव्हेट इक्विटी फंडाकडे ३०%. म्हणजे थोरल्याला ६० कोटी, धाकट्याला २४ कोटी आणि फंडाला ३६ कोटी मिळणार. खरेदीदार भारतीय कंपनी आहे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी कागद जमवा, मग व्याख्या वाचा

वाचायला घेण्यापूर्वी खात्री करा की तुमच्या हातात सही झालेली प्रत आहे. फोल्डरमध्ये एकाच कराराच्या सात-आठ आवृत्त्या असतात आणि कॅपचा आकडा बहुतेक वेळा शेवटच्या रात्री बदललेला असतो. एसपीएसोबत त्याची सगळी शेड्यूल्स, डिस्क्लोजर लेटर, क्लोजिंगच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष हस्तांतरित होण्याच्या, वेळी दिलेलं दुसरं डिस्क्लोजर लेटर असेल तर ते, अमेंडमेंट, साइड लेटर आणि एस्क्रो अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे काही पैसे त्रयस्थाकडे राखून ठेवण्याचा करार, हवा. यातलं काही नसेल तर समरीच्या पहिल्याच पानावर तसं लिहा. साइड लेटर न वाचता केलेली समरी अर्धवट असते, आणि ती अर्धवट आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

मग थेट वॉरंटीच्या शेड्यूलवर जाऊ नका, आधी व्याख्या वाचा. सगळ्या नाहीत, सात पुरतात: लॉस, नॉलेज, डिस्क्लोज्ड, फंडामेंटल वॉरंटी, बिझनेस वॉरंटी, कन्सिडरेशन आणि इंडेम्निफाइड पार्टी. कराराच्या शेवटाकडची लिमिटेशनची कलमं या सात शब्दांवरच उभी असतात.

"लॉस"ची व्याख्या वाचताना दोन गोष्टी पाहा. पहिली, नुकसान कोणाचं धरलं आहे? ग्राहकाने डेबिट नोट पाठवली तर पैसे कंपनीचे जातात, खरेदीदाराचे नाहीत. खरेदीदाराचं नुकसान म्हणजे त्याच्या शेअरची किंमत घसरणं, आणि ते सिद्ध करणं वेगळंच दुखणं असतं. म्हणून कंपनीचं नुकसान हे खरेदीदाराचं नुकसान मानलं जाईल, असं व्याख्येत किंवा इंडेम्निटीच्या, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या हमीच्या, कलमात लिहिलेलं आहे का, ते शोधा. दुसरी गोष्ट, "नुकसान सोसलं" एवढंच लिहिलं आहे की "देणं अंगावर आलं" असंही? मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्येच गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात म्हटलं होतं की देणं पक्कं झालं असेल, तर इंडेम्निटी मिळालेल्या माणसाने आधी स्वतःच्या खिशातून पैसे भरून दाखवण्याची गरज नाही. पण कराराची भाषा याहून अरुंद असेल तर विक्रेत्याचा वकील तिच्यावरच बोट ठेवणार. हे शब्द समरीत मूळ इंग्रजीत जसेच्या तसे उतरवा.

वॉरंटी उतरवताना काय सोडायचं नाही

आता वॉरंटीचं शेड्यूल. पहिली नोंद करायची ती कोण कोणती वॉरंटी देतंय याची. आपल्या उदाहरणात कलम ८.१ म्हणतं की शेअरची मालकी आणि करार करण्याचा अधिकार याबद्दलच्या वॉरंटी तिन्ही विक्रेते देतात, प्रत्येक जण फक्त स्वतःपुरती. कलम ८.२ म्हणतं की धंद्याच्या आणि कराच्या वॉरंटी फक्त दोघे भाऊ देतात. फंडाने त्यातून अंग काढून घेतलं आहे. फंड असं करतातच, यात नवल नाही. पण ही एक ओळ पुढे सगळा हिशोब फिरवते, म्हणून ती तक्त्याच्या पहिल्या रकान्यात असली पाहिजे.

प्रत्येक वॉरंटीसाठी एक ओळ ठेवा आणि त्या ओळीत एवढं भरा: कलम क्रमांक, विषय, कोण देतंय, कोणत्या तारखेला दिली आहे (सायनिंगला, क्लोजिंगला की दोन्हींना), त्यात कोणती पळवाट आहे, त्याविरुद्ध काय डिस्क्लोज झालं आहे, आणि ती कोणत्या कॅपच्या गटात पडते. तुमचं मत शेवटच्या, वेगळ्या रकान्यात. करारात काय लिहिलं आहे आणि तुम्हाला काय वाटतं, हे एकाच वाक्यात मिसळलं की तीन आठवड्यांनी तुम्हालाही वेगळं करता येत नाही.

पळवाटा म्हणजे वॉरंटीची धार कमी करणारे शब्द. "विक्रेत्यांच्या माहितीनुसार", "महत्त्वाच्या बाबतीत", "नेहमीच्या व्यवहाराच्या ओघात", "गेल्या तीन वर्षांत". नवशिके समरी करताना नेमके हेच शब्द गाळतात, कारण वाक्य त्यांच्याविना सुटसुटीत होतं. आपल्या उदाहरणातली वॉरंटी ११.४ घ्या. मूळ अर्थ असा: विक्रेत्यांच्या माहितीनुसार, सदोष मालाबद्दल कोणत्याही ग्राहकाकडून कंपनीला दाव्याची सूचना आलेली नाही. समरीत "सदोष मालाबद्दल ग्राहकांचे दावे नाहीत" असं लिहिलं तर खरेदीदार निश्चिंत होतो. आता "नॉलेज"ची व्याख्या पाहा: थोरला भाऊ आणि सीएफओ यांची प्रत्यक्ष माहिती, चौकशी करण्याची जबाबदारी नाही. क्वालिटी विभागाच्या प्रमुखाकडे तक्रारींच्या ईमेलची थप्पी असली तरी तो माणूस व्याख्येत नाही. दावा पहिल्याच पायरीवर अडकू शकतो. समरीत या वॉरंटीपुढे "माहितीपुरती मर्यादित, माहिती दोघांचीच, चौकशीचं बंधन नाही" एवढं तरी हवंच.

रेप्रेझेंटेशन आणि वॉरंटी यांत फरक करायचा का, असं प्रत्येक नवा असोसिएट विचारतो. भारतीय करारांत दोन्ही शब्द बहुधा जोडीनेच येतात, त्यामुळे शब्दावर अडू नका. त्यातून उपाय कोणता मिळतो ते पाहा. खोटी माहिती देऊन संमती घेतली असेल तर करार कायदा, १८७२ मधली कलमं १८ आणि १९ लागू होतात आणि करार रद्द करण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. पण कलम १९ च्या अपवादानुसार, साधारण दक्षता घेऊन सत्य शोधता आलं असतं तर तो मार्ग बंद होतो. आणि ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीपूर्वी कंपनीची तपासणी, केलेल्या खरेदीदाराला हा अपवाद बोचतो. वॉरंटी मोडली तर कलम ७३ प्रमाणे भरपाई, ज्यात दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीला जागा नाही. इंडेम्निटी असेल तर कलम १२४ आणि १२५, आणि कराराने ठरवलेली व्याप्ती. म्हणून प्रत्येक वॉरंटीमागे इंडेम्निटी आहे की फक्त भरपाईचा हक्क, हे तपासून लिहा.

डिस्क्लोजर लेटर: इथे खरा वेळ द्या

माझ्या मते समरीच्या कामातला निम्मा वेळ डिस्क्लोजर लेटरवर गेला पाहिजे. जे रीतसर उघड केलं, त्याबद्दल वॉरंटीचा दावा करता येत नाही, हे बहुतेक एसपीएंचं तत्त्व असतं. म्हणजे वॉरंटीचं शेड्यूल विक्रेता काय कबूल करतो ते सांगतं, आणि डिस्क्लोजर लेटर त्यातलं काय काढून घेतो ते.

लेटर दोन भागांत असतं. आधी जनरल डिस्क्लोजर: सार्वजनिक नोंदवहीतलं सगळं, डेटा रूममधलं सगळं, ऑडिट केलेल्या हिशोबातलं सगळं. मग स्पेसिफिक डिस्क्लोजर, वॉरंटीच्या क्रमांकानुसार. जनरल भागाची प्रत्येक ओळ समरीत वेगळी दाखवा, कारण डेटा रूममध्ये चार हजार फाइली असतील तर "डेटा रूममधलं सगळं उघड" या एका ओळीने किती वॉरंटी पोकळ झाल्या, ते कोणीच सांगू शकत नाही. इथे "डिस्क्लोज्ड"ची व्याख्या उपयोगी पडते. तिच्यात "वाजवी खरेदीदाराला बाबीचं स्वरूप आणि व्याप्ती समजेल इतक्या तपशिलाने" असं काही असेल तर खरेदीदाराला आधार आहे. नसेल तर लाल खूण करा.

स्पेसिफिक डिस्क्लोजर जुळवताना एक सापळा असतो. आपल्या उदाहरणात वॉरंटी १४.३ (कामगार कायदे) समोर लिहिलं आहे: "भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून कंपनीला भत्त्यांवरील वर्गणीबाबत नोटीस आली आहे." सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वांना सरसकट मिळणारे विशेष भत्ते मूळ वेतनात धरले, त्यानंतर अशा नोटिसा कारखान्यांना नव्या नाहीत. पण लेटरच्या प्रस्तावनेत आणखी एक वाक्य असतं: एका वॉरंटीसमोरचं डिस्क्लोजर सगळ्याच वॉरंटींना लागू. म्हणजे तीच नोटीस "कोणतीही अघोषित देणी नाहीत" या हिशोबाच्या वॉरंटीलाही छेद देते. तुम्ही ती फक्त १४.३ समोर टाकली तर समरी सांगेल की हिशोबाची वॉरंटी स्वच्छ आहे, आणि ती स्वच्छ नाही.

उघड झालेल्या धोक्याला आता एकच वाट उरते, स्पेसिफिक इंडेम्निटी. पीएफच्या देण्यासाठी ती आहे का? आपल्या करारात कलम ९.३ मध्ये आहे, दोघा भावांकडून, क्लोजिंगपूर्वीच्या काळासाठी. उघड झालेली प्रत्येक मोठी बाब आणि तिची इंडेम्निटी अशा जोड्या लावा. ज्या बाबीला जोडी नाही, तो धोका खरेदीदाराच्या डोक्यावर आहे. समरीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर जायला हवं ते हेच.

कॅप हा एक आकडा नसतो

आता कलम १०, लिमिटेशन ऑफ लायबिलिटी. आपल्या करारात ते असं आहे: दहा लाखांखालचा दावा मोजायचाच नाही, हे डी मिनिमिस. मोजलेले दावे एकूण १.२० कोटींच्या पुढे जाईपर्यंत काहीही द्यायचं नाही, आणि पुढे गेल्यावर फक्त वरची रक्कम द्यायची. हे बास्केट, आणि ते डिडक्टिबल प्रकारचं आहे. बास्केट टिपिंग प्रकारचं असतं तर १.२० कोटी ओलांडताच पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम मिळाली असती. हा फरक करारात कधी कधी "फक्त अतिरिक्त रकमेपुरतं" एवढ्या दोन-तीन शब्दांवर असतो. त्यानंतर कॅप:

| गट | कॅप (प्रत्येक विक्रेत्याला मिळालेल्या रकमेच्या) | दावा करण्याची मुदत |
|---|---|---|
| मालकी व अधिकार | १००% | मुदत नाही |
| कर | ५०% | ८ वर्षं |
| धंदा | २०% | २४ महिने |

"धंद्याच्या वॉरंटीसाठी कॅप २०%" असं समरीत लिहिलं की क्लायंट १२० कोटींचे २०% काढतो आणि २४ कोटी डोक्यात धरतो. पण कलम म्हणतं, त्या त्या विक्रेत्याला मिळालेल्या रकमेच्या २०%. धंद्याची वॉरंटी फंड देतच नाही. म्हणून थोरल्याचे ६० कोटींवर १२ कोटी आणि धाकट्याचे २४ कोटींवर ४.८ कोटी, एकूण १६.८ कोटी. सव्वासात कोटींच्या आसपासचा फरक टक्केवारीत दिसतच नाही. म्हणून समरीत कॅप नेहमी रुपयांत, विक्रेत्यानुसार लिहा. टक्के कंसात टाका. कराचा कॅप त्याच रीतीने ३० अधिक १२, म्हणजे ४२ कोटी.

"मिळालेल्या" हा शब्दही तपासा. किमतीतला काही भाग नंतर कामगिरीवर मिळणार असेल तर तो हाती येईपर्यंत कॅपही तेवढा लहान. "कन्सिडरेशन"ची व्याख्या आधी वाचायला सांगितली ती यासाठी.

कलम १०.४ मध्ये आणखी एक वाक्य: प्रत्येक विक्रेत्याची जबाबदारी स्वतंत्र, आणि त्याने विकलेल्या शेअरच्या प्रमाणात. हे निरुपद्रवी दिसतं, म्हणून लोक पुढे जातात. त्याचा परिणाम हिशोबात पाहू.

एक दावा शेवटपर्यंत मोजून पाहा

क्लोजिंगनंतर सात महिन्यांनी कळतं की एका वाहन कंपनीने सदोष ब्रॅकेटबद्दल डेबिट नोटा पाठवल्या होत्या: १.१० कोटी, ९० लाख आणि ८० लाख. त्याशिवाय छोट्या ग्राहकांच्या १४ डेबिट नोटा आहेत, प्रत्येकी सहा लाखांच्या. सीएफओच्या ईमेलमध्ये या सगळ्यांची नोंद सापडते, म्हणजे "माहितीनुसार" ही अट पुरी होते. डिस्क्लोजर लेटरमध्ये यातलं काही नाही. वॉरंटी मोडली आहे, दावा पक्का आहे.

एकूण नुकसान: २.८० कोटी अधिक ८४ लाख, म्हणजे ३.६४ कोटी.

डी मिनिमिस लावा. सहा लाखांची एकेक नोट दहा लाखांखाली, म्हणून ८४ लाख बाद. मात्र "एकाच किंवा सारख्याच कारणातून निघालेले दावे एकत्र मोजावेत" असं करारात असतं तर ते वाचले असते. आपल्या करारात तसं नाही. उरले २.८० कोटी.

बास्केट लावा. २.८० मधून १.२० वजा, उरले १.६० कोटी.

आता प्रमाण लावा. थोरला ५०% म्हणजे ८० लाख देईल. धाकटा २०% म्हणजे ३२ लाख. उरलेले ३०% फंडाच्या वाट्याचे, पण फंडाने ही वॉरंटी दिलेलीच नाही. ते ४८ लाख कोणीच देत नाही. हाती आले १.१२ कोटी.

कॅप १६.८ कोटींचा, त्याला तर धक्काही लागला नाही. तरीही ३.६४ कोटींच्या नुकसानीवर १.१२ कोटी मिळाले, रुपयामागे साधारण ३१ पैसे. कॅपवर आठवडाभर भांडलेल्या क्लायंटला हे सही करण्यापूर्वी कोणी दाखवलं असतं, तर त्याने भांडण कलम १०.४ वर केलं असतं. भावांची जबाबदारी "संयुक्त आणि स्वतंत्र" असती, किंवा प्रमाण फक्त वॉरंटी देणाऱ्यांत आपापसात धरलं असतं, तर १.६० कोटी पूर्ण मिळाले असते.

असा एक नमुना दावा प्रत्येक समरीत मोजून दाखवा. करार सही झालेला असला तरी दाखवा. क्लायंटला एस्क्रोतले पैसे कधी सोडायचे आणि विम्याचा दावा करायचा का, हे ठरवायला तो लागतो. आकडे काल्पनिक असल्याचं स्पष्ट लिहा.

कॅप कुठे लागतो आणि कुठे नाही

कलम १०.३ ची सुरुवात कोणत्या शब्दांनी होते ते बारकाईने वाचा. "या कराराखालील कोणत्याही दाव्यासाठी" असेल तर कलम ९.३ ची पीएफची इंडेम्निटीसुद्धा कॅपच्या आत. "बिझनेस वॉरंटीच्या दाव्यांसाठी" असेल तर पीएफची इंडेम्निटी कॅपबाहेर, डी मिनिमिस आणि बास्केटबाहेरही. दोन्ही वाचनं शक्य असतील तर तसंच लिहा आणि कोणतं वाचन खरेदीदाराला वाईट, ते हिशोबात धरा. कोणता अर्थ बरोबर, हे समरीने ठरवायचं नसतं. ते पार्टनरचं काम.

फसवणुकीचा अपवाद तर हमखास असतो: फ्रॉड असेल तर कोणतीही मर्यादा लागू नाही. पण तो "त्या विक्रेत्याच्या" फसवणुकीपुरता आहे की कोणाही विक्रेत्याच्या, ते पाहा. थोरल्याने लपवलं तर धाकट्याचा कॅप उठतो का? हे कलम शोभेचं नाही. जपानच्या दाइची सान्क्योने २००८ मध्ये रॅनबॅक्सीच्या प्रवर्तकांचे शेअर घेतले. पुढे सिंगापूरमधल्या लवादाने २०१६ मध्ये माहिती दडवल्याबद्दल विक्रेत्यांविरुद्ध सुमारे २,५६२ कोटींचा निवाडा दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या अंमलबजावणीला मान्यता दिली. ते प्रकरण उभं राहिलं ते फसवणुकीच्या पायावर.

खरेदीदाराला आधीच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल दावा चालेल का, याचंही कलम शोधा. करार गप्प असेल तर "गप्प आहे" अशी नोंद करा, रकाना रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्याचा अर्थ वाचणारा "अडचण नाही" असा घेतो.

मुदती आणि परदेशी खरेदीदार

मुदतीच्या रकान्यात "२४ महिने" लिहून थांबू नका. कशापासून, आणि त्या मुदतीत काय करायचं? नुसती नोटीस पुरते, की नोटिशीनंतर ठरावीक महिन्यांत लवादही सुरू करावा लागतो? नोटिशीत काय काय तपशील हवा? ही उत्तरं वेगवेगळ्या उपकलमांत विखुरलेली असतात, ती एका ओळीत आणा आणि शेवटी प्रत्यक्ष तारीख लिहा.

मालकीच्या वॉरंटीसमोर "मुदत नाही" दिसलं तरी लिमिटेशन अ‍ॅक्ट, १९६३ आहेच. करारभंगाच्या भरपाईसाठी त्याच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे भंग झाल्यापासून तीन वर्षं, आणि मालकीची वॉरंटी खोटी असेल तर ती क्लोजिंगच्याच दिवशी मोडलेली असते. इंडेम्निटीसाठी अनुच्छेद ८३, तिथे तीन वर्षं प्रत्यक्ष नुकसान झाल्यापासून मोजतात. वॉरंटीमागे इंडेम्निटी आहे का, हे तपासायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण. उलट बाजूने, करार कायद्याचं कलम २८ ठरावीक मुदतीनंतर हक्कच संपवणारी कलमं निरर्थक ठरवतं, त्यामुळे २४ महिन्यांसारख्या मुदती कितपत टिकतात यावर वकिलांत वाद आहे. समरीत करारातली तारीखच धरा आणि वाद आहे एवढं एका ओळीत नोंदवा. वाद जिंकू या भरवशावर तारीख चुकवणारा क्लायंट कोणालाच नको असतो.

आपला खरेदीदार भारतीय नसून समजा एखादी जर्मन कंपनी असती, तर फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे २०१९ चे नॉन-डेट इन्स्ट्रुमेंट्स नियम मध्ये आले असते. त्यांच्या नियम ९(६) प्रमाणे, पूर्ण किंमत दिल्यानंतर विक्रेत्याने द्यायची इंडेम्निटी एकूण किमतीच्या २५% पर्यंत आणि पूर्ण किंमत दिल्यापासून १८ महिन्यांपर्यंत चालते. म्हणजे १२० कोटींच्या व्यवहारात ३० कोटी. मालकीसाठी १००% आणि कराची ८ वर्षं करारात लिहिलेली असली, तरी त्यापुढच्या रकमेसमोर "रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न" अशी खूण हवी. एखादा विक्रेता अनिवासी असेल आणि खरेदीदार भारतीय, तरी हीच तपासणी करा.

सिनिअरकडे पाठवण्यापूर्वी

उलट दिशेने तपासा. कलम १० मधल्या प्रत्येक क्रॉस-रेफरन्सवर प्रत्यक्ष जा. मसुदा बदलताना क्रमांक सरकतात, आणि "कलम ९.४(ख) मधील दावे" म्हणताना ९.४(ख) मध्ये आता नोटीस पाठवण्याचा पत्ता असतो. असं सापडलं तर स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करून लिहू नका. चूक म्हणून नोंदवा. मोठ्या अक्षराने सुरू होणारा पण व्याख्या नसलेला शब्द दिसला तर तोही. मग तक्त्यातल्या कोणत्याही दहा ओळी निवडून मूळ कराराशी शब्दन्‌शब्द ताडून पाहा. दोन ठिकाणी फरक निघाला तर सगळा तक्ता पुन्हा वाचा.

पहिलं पान शेवटी लिहा आणि ते एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका. आपल्या उदाहरणात ते साधारण असं होईल:

"पीएफ नोटीस उघड झाल्याने वॉरंटीचा दावा नाही, संरक्षण फक्त कलम ९.३, आणि त्याला कॅप लागतो का हे अस्पष्ट. धंद्याच्या वॉरंटीवर कमाल वसुली १६.८ कोटी (थोरला १२, धाकटा ४.८), फंडाकडून शून्य. कलम १०.४ मुळे मान्य झालेल्या दाव्यातही ३०% वाटा कोणाकडूनच येत नाही; नमुना दाव्यात ३.६४ कोटींपैकी १.१२ कोटी. ग्राहक दाव्यांची वॉरंटी दोनच व्यक्तींच्या माहितीपुरती. धंद्याच्या वॉरंटीची मुदत क्लोजिंगपासून २४ महिने; नोटीस लेखी, रकमेच्या अंदाजासह. साइड लेटर पाहिलेलं नाही."

त्या २४ महिन्यांची शेवटची तारीख आणि तिच्या आधीची तीन महिन्यांची आठवण क्लायंटच्या लीगल टीमच्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी टाकून घ्या, आणि क्लोजिंगची तारीख पुढे सरकली तर दोन्ही पुन्हा मोजा.